“बघू ना” म्हणणाऱ्यावरच जीव का जडतो?

एकदा फसलं तर नशीब म्हणता येतं. पण तिसऱ्यांदाही तसाच माणूस आवडला, जवळ येऊन अर्ध्यात थांबणारा, भेटला की भरभरून बोलणारा आणि मग आठ-आठ दिवस गायब होणारा, तर समोरच्यांचे स्वभाव तपासून फारसं काही हाती लागत नाही. आपण निवडतो कसं, हे बघावं लागतं. “मलाच असे का भेटतात?” हा प्रश्न मला अपुरा वाटतो. असे सगळ्यांनाच भेटतात. बाकीचे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर उठून जातात आणि आपण तिथंच बसून राहतो. फरक तेवढाच आहे.

आधी हे का होतं ते बघू. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या 47 विद्यार्थिनींवर एक छोटा प्रयोग झाला होता, तो 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यांना सांगितलं गेलं, की काही मुलांनी तुमचं फेसबुक प्रोफाइल पाहिलंय. एका गटाला सांगितलं, “या मुलांना तू खूप आवडलीस.” दुसऱ्याला सांगितलं, “बरी वाटलीस.” तिसऱ्या गटाला सांगितलं, “यांतलं काहीही असू शकतं, नक्की माहीत नाही.” सगळ्यात जास्त ओढ वाटली ती या तिसऱ्या गटाला, आणि त्या मुलांचा विचारही त्यांच्याच मनात जास्त वेळा आला. प्रयोग लहान होता, मुलं खोटी होती, त्यामुळं त्यावर सगळा डोलारा उभा करू नये. पण यंत्रणा ओळखीची आहे. उत्तर अर्धवट राहिलं की डोकं ते पूर्ण करायला बघतं, दिवसभर तोच माणूस मनात घोळतो. मग आपण अंदाज बांधतो, की एवढा विचार येतोय म्हणजे प्रेमच असणार. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा काळजी असते.

काळजी आणि आवड वेगळी ओळखता येते. भेटून आल्यावर दुसऱ्या दिवशी डोक्यात काय चालतं ते बघा. तो काय बोलला, कशावर हसला, त्याच्या बहिणीच्या नोकरीचं पुढं काय झालं, हे आठवत असेल तर तुम्हाला ते माणूस आवडतंय. “मेसेज बघितला, मग उत्तर का नाही? लास्ट सीन तर 12:40 चा आहे. मी जास्त बोलले का?” असं चालू असेल, तर तुम्ही त्या माणसाचा विचार करतच नाही आहात. त्याच्या नजरेत आपण कुठं आहोत, याचा हिशोब मांडताय.

आता वहीचं काम. मागच्या तीन माणसांसाठी एकेक पान घ्या आणि प्रत्येक पानावर तीनच गोष्टी लिहा. हा माणूस हात राखून आहे, हे पहिल्यांदा कधी जाणवलं? तेव्हा मी स्वतःला काय समजावलं? आणि लगेच काय केलं? इथं बहुतेकांचं एकच चुकतं. पानं त्याच्या गुण-दोषांनी भरतात: तो असाच, त्याचे वडील तसे, त्याची आधीची मैत्रीण तशी. ते खोडा. वाक्याचा कर्ता ‘मी’ पाहिजे. “मी दुसरा मेसेज टाकला.” “मी रविवार मोकळा ठेवला.” “मी म्हणाले, त्याला कुणी समजून घेतलं नाही.” तिन्ही पानं शेजारी ठेवली की दोन गोष्टी दिसतात. पहिली खूण बहुधा पहिल्या महिन्यातच आलेली असते, आणि ती आल्यावर आपण मागं सरण्याऐवजी जोर वाढवलेला असतो. सवय नेमकी याच जागी असते, म्हणून बदलही इथंच करायचा. आवड कुणाबद्दल वाटावी, हे आपल्या हातात फार नाही. जोर वाढवायचा की नाही, हे मात्र आहे.

आपल्याकडं एक घोळ वेगळा आहे आणि तो बाहेरच्या सल्ल्यांत सापडत नाही. लातूर-परभणीकडची मुलगी घरी असताना रात्री फोन उचलू शकत नाही. मुलगा एमपीएससीच्या अभ्यासिकेत दिवसभर फोन बंद ठेवतो. जात वेगळी असेल तर दोघंही गावात एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. म्हणजे वेळ नसणं, लपूनछपून भेटणं, यावरून माणूस मनानं बंद आहे असं ठरवता येत नाही. बघायचं ते असं, की अडचण आहे तिच्या आत राहून समोरचा वाट काढतो का? “या आठवड्यात घरी पाहुणे आहेत, बुधवारी दुपारी 10 मिनिटं बोलते” असं म्हणणारी मुलगी उपलब्ध आहे, 10 मिनिटांपुरती का होईना. रात्रभर ऑनलाइन असून “बघू ना” म्हणणारा नाही. “पोस्ट निघाली की घरी बोलतो” हे वाक्यही एरवी खरं असू शकतं. फक्त त्याच्यासोबत काही ठरलेलं येतं का ते बघा: कुणाशी आधी बोलणार, घरचे नाही म्हणाले तर काय, तोवर महिन्यातून किती वेळा भेटायचं. यातल्या एकाही गोष्टीवर बोलणं होत नसेल, तर ते वाक्य म्हणजे दार लोटून घेणं झालं.

एक उदाहरण रचून सांगते. ती मूळ परभणीची, छत्रपती संभाजीनगरला बँकेत. तो नांदेडचा, वाळूजला कंपनीत. मैत्रिणीच्या लग्नात ओळख झाली, दोन भेटी झाल्या. तिसऱ्या वेळी दौलताबादला गेले आणि तिथं तो वडिलांच्या आजारपणाबद्दल तासभर बोलला. तिला वाटलं, हा कुणापुढं मोकळा होत नाही, आपल्यापुढं झाला. पुढं चार दिवस काही नाही. पाचव्या रात्री साडेअकराला मेसेज आला, “काय करायलीस?”

एवढ्यावरून निकाल देऊ नये. मन मोकळं केल्यावर अवघडणारी माणसं असतात, एखाद्याला खरंच काम असतं. पण जवळीक झाली की गायब, असं पुन्हा पुन्हा झालं तर तो योगायोग नव्हे. इथं बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. काही झालंच नाही असं दाखवून रात्री दीडपर्यंत गप्पा मारतात, नाहीतर चार दिवसांचा राग लांबलचक मेसेजमधून काढतात. दोन्हींतून नवीन काही कळत नाही. कळण्यासाठी एक छोटी, नेमकी मागणी करायची, दिवस-वेळ घालून. तिनं लिहिलं, “रविवारी 11 ला भेटायचं का? शनिवारी 5 पर्यंत सांग, नाहीतर मी परभणीला जाते.”

याला उत्तरं तीनच प्रकारची येतात. “हो, भेटू.” किंवा “रविवारी शिफ्ट आहे, सोमवारी संध्याकाळी जमेल.” ही दोन्ही चांगली. नकार देऊन दुसरी वेळ सुचवणारा माणूस तर मला नुसत्या ‘हो’पेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. तिसरं उत्तर धुक्याचं, आणि त्याचं तेच आलं: “बघू ना, तू किती प्लॅनिंग करतेस!” ती शनिवारी 5 नंतर गाडीत बसली. सगळा कस इथं लागतो, कारण हात-पाय थांबायला सांगत असतात, ‘कदाचित उद्या सकाळी म्हणेल’. अट घालून स्वतःच ती मोडली, तर समोरच्याला कळतं की तिच्या अटीला अर्थ नाही. रविवारी साडेबाराला त्याचा मेसेज आला, “कुठंयस? मी रिकामाय.” मेसेज गोड आहे, पण त्यातून एवढंच कळतं की त्याचा वेळ रिकामा झाला की तो तिला आठवतो.

मग तिनं एकदाच, फोनवर, साध्या आवाजात सांगितलं, की मला आधी ठरवून भेटायला आवडतं, आयत्या वेळी जमत नाही. त्यानंतरचा आठवडा सुरेख गेला. रोज फोन, ठरल्या वेळी भेट. अशा आठवड्यावरून निर्णय घेणं हा मोठा सापळा आहे, कारण अधूनमधून मिळणारं बक्षीस रोजच्यापेक्षा जास्त चिकटवून ठेवतं. सांगितल्यानंतरच्या चौथ्या आठवड्यात काय चालू आहे ते बघा. याच्या बाबतीत तिसऱ्यालाच पुन्हा साडेअकरा आणि “काय करायलीस?” सुरू झालं. तिनं लिहिलं, “तू वाईट नाहीस. पण मला ठरल्या वेळी भेटणारं माणूस हवंय आणि इथं ते जमत नाहीये. मी इथंच थांबते.” कारणांची यादी दिली नाही, कारण यादी दिली की प्रत्येक मुद्द्यावर वाद घालता येतो. चॅट म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकली. काही आठवड्यांनी “आठवण आली” असा मेसेज अशा ठिकाणी बऱ्याचदा येतो, म्हणून त्याचं दोन ओळींचं उत्तर आधीच लिहून मैत्रिणीकडं ठेवलं. रात्री अकरानंतर असं उत्तर सुचत नाही.

हे सगळं दोनेक महिन्यांत उरकलं. मागच्या वेळी याच गोष्टीला तिला दोन वर्षं लागली होती, असं धरून चाला.

आता उलट बाजू. वेळेवर येणारा, सरळ बोलणारा माणूस भेटला की या सवयीच्या लोकांना तो ‘बरा आहे, पण काही वाटत नाही’ असा वाटतो. धडधड नसते ना. त्याला पहिल्याच चहावर नाकारू नका. तीन भेटी द्या, आणि तिन्ही वेगळ्या ठिकाणी: एक बोलण्याची, एक काही सोबत करण्याची, एक चार मित्रांमध्ये. तिसऱ्या भेटीनंतरही बोलावंसं वाटत नसेल, शेजारी बसणं नकोसं होत असेल, तर नाही म्हणा. चांगुलपणा आहे म्हणून स्वतःवर जबरदस्ती करायचं कारण नाही. आणि दुसऱ्या आठवड्यात लग्नाच्या गोष्टी, दिवसाला पन्नास मेसेज, ‘तुझ्याशिवाय जगू शकत नाही’, यालाही उपलब्ध असणं म्हणू नका. त्यानं तुम्हाला अजून ओळखलेलंच नाही. अशा वेळी “थोडं हळू घेऊ” म्हणून बघा. हळू होणारा माणूस चालेल, रुसणारा नको.

एक शक्यता लोक टाळतात. जो येणारच नाही त्याच्या मागं असलं, की आपल्यालाही पूर्ण उघडं पडावं लागत नाही. ज्यांना हाती येणाऱ्या प्रत्येक माणसात आठवडाभरात खोट सापडते, त्यांनी वहीत चौथं पान घालावं: चांगला माणूस जवळ आला तेव्हा मी काय केलं? काही जणांचं खरं काम त्या पानावर असतं आणि ते एकट्यानं होत नाही, समुपदेशकाकडं जाऊन करावं लागतं. झोप, जेवण, नोकरी बिघडेपर्यंत गेलं असेल, तर मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि समोरचा धमकी देत असेल, फोटो दाखवीन म्हणत असेल, हात उचलत असेल, तर वरचं काहीच लागू नाही. तिथं चौथा आठवडा बघत बसायचं नसतं. विश्वासातल्या माणसाला सांगून बाहेर पडायचं, पुरावे जपून ठेवायचे, आणि पोलिसांची 112 किंवा महिलांसाठीची 181 हेल्पलाइन लावायची.