तिसरा हिस्सा की नववा?

"२४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर बिनधास्त क्रॉप करा. फ्रेमचा तिसरा हिस्सा उरला तरी ८ मेगापिक्सेल हातात राहतात. सेव्ह करताना ३०० डीपीआय टाका, १२×१८ कडक निघतो. ३००च्या खाली मात्र काही छापू नका, फाटतं."

फोटो कापून मोठा छापण्याबद्दलच्या या सल्ल्यातल्या पहिल्या हिशेबाने मीही एकदा फसलोय. ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत गेलो होतो. बोट थव्यापासून लांबच ठेवतात, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे ३०० एमएमच्या लेन्सनेही फ्लेमिंगो फ्रेममध्ये बोटभरच आला. मूळ फाइल ६०००×४०००. घरी येऊन रुंदीचा तिसरा हिस्सा ठेवला, पण रुंदी कापली की त्याच प्रमाणात उंचीही जाते. उरले २०००×१३३३ पिक्सेल, म्हणजे २७ लाखांच्या आत. ८ मेगापिक्सेल कुठले, पावणेतीनसुद्धा नाहीत. एक तृतीयांश गुणिले एक तृतीयांश म्हणजे नववा हिस्सा, एवढं साधं गणित. म्हणून क्रॉपनंतर मेगापिक्सेल बघूच नका, लांब बाजूचे पिक्सेल बघा.

आता डीपीआयचं, म्हणजे इंचाला किती ठिपके त्याचं. तो आकडा म्हणजे फाइलला लावलेली चिठ्ठी आहे. फोटोशॉपमध्ये `Image Size` उघडून `Resample`ची खूण काढा आणि ७२ चे ३०० करा. पिक्सेल तेच राहतात, फक्त छपाईचा आकार इंचांत कमी दिसतो. खूण तशीच ठेवून १८ इंच आणि ३०० टाकलंत तर फाइल ५४००×३६०० होते, पण वाढलेले पिक्सेल शेजाऱ्यांच्या सरासरीतून भरलेले असतात. पिसाची जी रेघ टिपलीच गेली नाही, ती त्यातून येत नाही. खरा आकडा भागाकारातून मिळतो: २००० पिक्सेल भागिले १८ इंच, म्हणजे इंचाला १११. तीच फाइल ८×१२ ला १६७ देते आणि ४×६ ला ३३३.

१११ ऐकून लॅबवाला "साहेब, फाइल छोटी आहे" म्हणतो. इथे त्या सल्ल्याच्या शेवटच्या वाक्याकडे येऊ, कारण ते अर्धं खरं आहे. ३०० हा आकडा हातात धरून, साधारण फुटाच्या अंतरावरून बघायच्या प्रिंटचा आहे. चांगल्या नजरेला त्या अंतरावर इंचाला सुमारे २९० पिक्सेलपर्यंत फरक कळतो. अंतर दुप्पट केलं की गरज निम्मी होते. सोफ्यावरून भिंत तीन फुटांवर असेल तर ९५ पुरतात. म्हणजे माझे १११ पिक्सेल भिंतीवर चालायला हवे होते. अल्बमसाठी मात्र ते नक्कीच कमी पडले असते.

तरीही १२×१८ मऊच दिसला असता, आणि त्याचं कारण या सगळ्या सल्ल्यात कुठेच नाही. पिक्सेल उरले म्हणजे तपशील उरला असं नसतं. बोट हलत होती, पाण्यावर धुरकट हवा होती. फोटो १०० टक्के झूम करून बघितला तर डोळ्याची कडा एका पिक्सेलमध्ये न संपता दोन पिक्सेलमध्ये पसरलेली. पूर्ण फ्रेम १२×१८ ला छापली असती तर ती पुसट कडा पाव मिलिमीटरहून कमी, जवळपास ०.१५ मिलिमीटर भरली असती आणि कोणाच्या लक्षातही आली नसती. क्रॉपने ती तिप्पट मोठी केली: इंचाला १११ पिक्सेल म्हटल्यावर दोन पिक्सेल जवळजवळ अर्धा मिलिमीटर होतात. तीन फुटांवरून डोळ्याला पाव मिलिमीटरच्या थोडं पुढचं सगळं दिसतं. ८×१२ ला हाच पसारा ०.३ मिलिमीटर, म्हणजे अगदी सीमेवर.

एवढं गणित नको असेल तर एक स्वस्तातला उपाय आहे. फाइल १२×१८ साठी तयार करा आणि तिच्यातून डोक्याभोवतीचा फक्त ४×६ इंचांचा तुकडा कापा. माझ्या फाइलमध्ये तो साधारण ६६७×४४४ पिक्सेलचा होता. तो तुकडा साध्या ४×६ प्रिंटच्या भावात छापून घ्या. लॅबला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर मशीन स्वतःच शार्प करून तुम्हाला गोड फसवतं. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवणार असाल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर उरलेला तपशीलही वाटेत जाईल. मग तो तुकडा भिंतीवर चिकटवा आणि रोज जिथे बसता तिथून बघा.

मी चिकटवला. बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "चोच बरी आहे, डोळा झोपेत आहे." ८×१२ काढला, रुंद पांढरं माउंट लावून मोठी फ्रेम केली.