पोरीचं नको, तुमचं द्या

काल दुपारी एका बाईंनी मला मी महाराष्ट्राचा आहे का, असं विचारलं. बाई प्रवेशाच्या खिडकीच्या आत, मी बाहेर, आणि हातात फौजेतल्या सतरा वर्षांच्या नोकरीचं डिस्चार्ज बुक. त्या बुकात माझं गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, इतकंच काय, उजव्या गालावरचा तीळसुद्धा सरकारने नोंदवून ठेवलाय. तीळ बाईंना दिसत होता. जिल्हा दिसत नव्हता.

पोरगीला इंजिनिअरिंगला घालायची. डिफेन्सचा कोटा असतो, कॉलेजच्या जागांच्या ५ टक्के, त्यातही एका कॉलेजात जास्तीत जास्त ५ जागा. माझ्यासारख्या रिटायर झालेल्याची पोरं डीईएफ-१ मध्ये, नोकरीत असलेल्यांची डीईएफ-२ मध्ये. पण दोन्हीकडे बाप किंवा आई महाराष्ट्राची रहिवासी पाहिजे. प्रोफॉर्मा-सी नावाचा कागद असतो, त्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा शिक्का मी पंधरा दिवस आधीच घेतला होता. फौजी माणूस, तयारी आधी. पोरीचं अधिवास प्रमाणपत्रही काढलं होतं. बाईंनी ते बाजूला सारलं.

"हे मुलीचं. तुमचं कुठाय?"

"पोरगी माझीच आहे."

"असेल. कोट्यासाठी पालकाचं डोमिसाईल लागतं."

आता यात बाईंची चूक नाही, नियम खरा आहे, माहितीपत्रकात छापलेलाही आहे. मीच पोरीच्या कागदांवर टिकमार्क करत गेलो आणि स्वतःला वगळलं. पण राग यायचा तो आलाच. आसामात, जम्मूत बर्फात उभा होतो तेव्हा कोणी विचारलं नाही, डोमिसाईल आणलं का म्हणून.

मग सेतू केंद्र. तिथे रांगेत माझ्या पुढे एक काका. हाफशर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर फायलींचा गठ्ठा. माझ्या हातातलं पुस्तक बघून त्यांनी लगेच विचारलं, "मेजर?" मी हवालदार होतो, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, त्यामुळे मी हो म्हटलं.

"आपण एकाच खात्याचे," काका म्हणाले. "मी दारूगोळ्याच्या कारखान्यात. स्टोअरला. बत्तीस वर्षं. नातवाचा अर्ज डिफेन्समध्ये भरतोय."

मी म्हटलं, "काका, सिव्हिलियन स्टाफला हा कोटा चालत नाही. स्पष्ट लिहिलंय तसं."

काकांनी चष्मा काढला. "मला सांगा मेजर, तुम्ही गोळी झाडली. गोळी आली कुठून?"

"कारखान्यातून."

"कारखान्यातून बाहेर कोणाच्या सहीने आली?"

मी गप्प.

"माझ्या! मी सही केली नसती तर तुम्ही तिकडे काय, टाळ्या वाजवून शत्रूला पळवणार होता?" पुढे त्यांनी पेटीची मापं सांगितली, कुठल्या साली पावसाचं पाणी स्टोअरमध्ये शिरलं ते सांगितलं, आणि जवानाचा पोरगा डिफेन्स पण जवानाच्या बुटाची नोंद ठेवणाऱ्याचा नातू ओपन, हा कुठला न्याय, असं सगळ्या रांगेला विचारलं. रांगेतल्या दोन बायका त्यांच्या बाजूने झाल्या. एकीने माझ्याकडे असं बघितलं की जणू जागा मीच खाल्ली.

मी म्हणणार होतो की बाप नोकरीत होता हे धरायचं असतं, आजोबा नाही, म्हणजे तुमचा अर्ज दोनदा बाद आहे. नाही म्हटलं. उन्हात तीन तास ताटकळलेल्या माणसाची एवढी एकच गंमत चालली होती.

माझा नंबर लागला. रहिवासाचा पुरावा काय, असं सेतूतल्या पोराने विचारलं. दहा वर्षांचा पाहिजे म्हणे. मधली सतरा वर्षं मी देशभर, घरचं लाईट बिल आईच्या नावावर, रेशन कार्डही तिचंच. शेवटी गावच्या शाळेचा दाखला आणि तलाठ्याचा रहिवासी दाखला चालला. फौजेत भरती व्हायला मी हाच शाळेचा दाखला दिला होता, आणि बाहेर पडल्यावर मी इथलाच आहे हे पटवायला पुन्हा तोच.

पोराने अर्ज भरून स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "नाव बघून घ्या."

आधारवरून उचललेलं नाव: बाळासो. डिस्चार्ज बुकात: बाळासाहेब. प्रोफॉर्मा-सीवरही बाळासाहेब.

"ते साहेब कर बाबा."

"आधारला आहे तेच येतं. बदलायचं तर आधार आधी बदला, नाहीतर दोन्ही नावं एकाच माणसाची म्हणून ॲफिडेव्हिट करा."

"प्रवेशाची कागदपत्रं द्यायची मुदत परवा संपते."

"मग ॲफिडेव्हिटच करा."

मागून काका पुढे झुकले. स्टोअरकीपरच्या नजरेने त्यांनी दोन्ही कागद ताडून पाहिले, जीभ चुकचुकली, आणि आपल्या फायलींचा गठ्ठा उचलून बाकावर मला जागा करून दिली.

"बसा मेजर," म्हणाले. "स्टॅम्पवाला जेवायला गेलाय."