तिने फोटो आर्काइव्ह का केला असेल?

"या पोरांना लाईक्सचं व्यसन लागलंय" हे वाक्य आता इतक्यांदा ऐकलंय की कंटाळा आला. मला ते पटतही नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितो, पोस्ट लांबेल, सांभाळून घ्या.

माझी भाची पंधरा वर्षांची. मध्यंतरी तिने इन्स्टावर एक फोटो टाकला, लाईक्स नेहमीएवढेच आले, कमेंट्सही चांगल्या, तरी तासाभरात बाईंनी फोटो आर्काइव्ह केला. व्यसनच असतं तर आकडा बघून खूश व्हायला हवी होती ना? खोदून विचारलं तेव्हा कळलं की तिच्या जिवलग मैत्रिणीने तिची स्टोरी बघितली होती, सीनच्या यादीत नाव दिसत होतं, पण फोटोला लाईक नव्हता. बास, एवढंच. "तिला वाटलं असेल मी शो ऑफ करतेय."

आता हे वाक्य नीट बघा. मैत्रीण एक अक्षर बोललेली नाही, सगळं हिच्याच डोक्यात घडलंय. चार्ल्स हॉर्टन कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये नेमकं हेच लिहून ठेवलंय, त्याला म्हणतात लुकिंग ग्लास सेल्फ, म्हणजे समोरच्याच्या आरशात दिसणारे आपण. तो म्हणतो, आधी आपण कल्पना करतो की समोरच्याला आपण कसे दिसतोय, मग कल्पना करतो की ते बघून तो आपल्याबद्दल काय मत बनवत असेल, आणि त्या मतावरून आपल्याला अभिमान तरी वाटतो नाहीतर लाज. म्हणजे तीनपैकी पहिल्या दोन पायऱ्या निव्वळ कल्पना, पण तिसरी, ती लाज, ती मात्र शंभर टक्के खरी. पोरीचा चेहरा खरोखर उतरला होता.

आणि हा अंदाज बऱ्याचदा चुकतो बरं का. १९७९ मध्ये श्रॉगर आणि शोनेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तोवर झालेले बरेच अभ्यास एकत्र तपासले, तर दिसलं असं की आपलं स्वतःबद्दलचं मत, लोक आपल्याला कसं बघतात असं *आपल्याला वाटतं*, त्याच्याशी जुळतं. लोक प्रत्यक्षात कसं बघतात त्याच्याशी तेवढं जुळत नाही.

मग सगळ्यांनाच हे लागू, सोशल मीडियाने नवीन काय केलं? माझं मत असं की त्याने चेहरा काढून घेतला आणि त्याजागी खुणा ठेवल्या. समोर बसलेली मैत्रीण गप्प राहिली तरी तिच्या डोळ्यांवरून काहीतरी कळतं, शंका आली तर तिथल्या तिथे विचारता येतं. 'सीन' मध्ये काय कळणार? झोपेत स्क्रोल केलं असेल, घाईत असेल, फोटो तिच्या फीडमध्ये आलाच नसेल. खूण रिकामी असते, अर्थ हीच भरते, आणि पंधराव्या वर्षी तो अर्थ बहुतेक वेळा स्वतःच्या विरोधातच भरला जातो.

अर्थ भरण्याचा हा भाग म्हणजे समाजशास्त्रातला सिम्बॉलिक इंटरॅक्शनिझम हा विचार. नाव जड आहे, हर्बर्ट ब्लूमर या समाजशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये दिलं, पण म्हणणं साधं आहे. माणूस वस्तूला नाही, वस्तूच्या अर्थाला प्रतिसाद देतो, तो अर्थ माणसामाणसांच्या व्यवहारातून तयार होतो आणि वापरता वापरता बदलत राहतो. लाल बदामाचंच घ्या. मामाने (म्हणजे मीच) टाकला तर शून्य किंमत, वर्गातल्या एका ठराविक मुलाने टाकला तर दिवसभर चर्चा, आणि दोन वर्षं जुन्या फोटोवर टाकला तर प्रोफाइल उकरून काढलं याची कबुलीच! हे नियम कुठे लिहिलेले नाहीत, त्यांच्या ग्रुपमध्ये ते सगळ्यांना पाठ आहेत. याच परंपरेतला विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीड ज्याला जनरलाइज्ड अदर म्हणायचा तो हाच, मनात बसलेला अख्खा ग्रुप, जो फोटो पोस्ट व्हायच्या आधीच कॅप्शन खोडायला लावतो.

पण पोरं नुसती आरशाची गुलाम आहेत असंही मी म्हणणार नाही. त्या आकड्यातल्या बहुतेकांचं तिला काहीच पडलेलं नव्हतं, कुणाच्या नजरेला किंमत द्यायची हे ती निवडते. क्लोज फ्रेंड्सची यादी काय उगाच बनवतात का?

म्हणूनच "लाईक्स लपवा, प्रश्न सुटेल" हा उपाय मला अर्धवट वाटतो. २०२१ पासून इन्स्टावर लाईक्सचा आकडा लपवता येतो, भाचीने तो लपवलेलाही आहे. पण कुणी लाईक केलं ती नावं तिची तिला दिसतातच, आणि ती आकडा कधीच मोजत नव्हती, ती एक नाव शोधत होती.