पाच पानांत हस्ताक्षर शिकवून होतं?

"कुणाचंही हस्ताक्षर असो, फक्त पाच पानं दुरुस्त करून सॉफ्टवेअरला शिकवा, बाकीची हजारो पानं ९९ टक्के अचूक वाचून मिळतात. खात्री करायची तर त्याच पाच पानांवर चालवून बघा. पानं देताना शुद्धलेखन सुधारून द्या म्हणजे सॉफ्टवेअर चुका शिकणार नाही. एकदा काम झालं की जुने कागद सांभाळायची गरज नाही."

हा मेसेज फिरत फिरत माझ्या आत्याकडे पोचला. तिच्याकडे आजोबांच्या हाताने लिहिलेल्या वह्या आहेत, आणि तिने पाच पानं निवडून शुद्धलेखन सुधारायला सुरुवातसुद्धा केली होती. तिला फोनवर सांगून झालं, पण हा मेसेज अजून किती जणांकडे गेला असेल कोण जाणे, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी तपासणीचं बोलू, कारण मला सगळ्यात जास्त संताप तिथे आला. ज्या पानांवर शिकवलं त्याच पानांवर तपासायचं म्हणजे जे प्रश्न उत्तरांसकट पाठ करून घेतले तेच परीक्षेत विचारायचे. त्यात काय कळणार? जरा हिशोब करून बघा. समजा एका पानावर २५ ओळी आहेत आणि एका ओळीत साधारण ४० अक्षरं (काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजून). पाच पानांच्या झाल्या १२५ ओळी, म्हणजे जेमतेम ५००० अक्षरं. ट्रेनिंगमध्ये या सगळ्या ओळी मॉडेलसमोरून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या शिकणाऱ्या भागासमोरून, एकदा जाऊन आल्या की त्याला एक फेरी म्हणतात, आणि अशा पन्नासेक फेऱ्या सहज होतात. मॉडेलमध्ये शिकताना बदलत जाणारे आकडे असतात लाखांनी आणि ओळी फक्त १२५, त्यामुळे काही फेऱ्यांनंतर ते हस्ताक्षर शिकायचं सोडून त्या ठरावीक ओळीच लक्षात ठेवायला लागतं. मग त्याच ओळींवर ९९ काय, १०० टक्केसुद्धा येईल.

वहीत समोरासमोर ठेवून बघितलं तर हे कसं दिसतं ते सांगते. लिहिणाऱ्याचा "ध" आणि "घ" जवळजवळ सारखा आहे, कारण घाईत तो ध वरही शिरोरेषा पूर्ण ओढतो. शिकवलेल्या पानावर "उत्तर धाडले" असं आहे आणि मॉडेल ते बरोबर वाचतं, कारण ती आख्खी ओळ त्याने पन्नास वेळा बघितलीय. न बघितलेल्या पानावर तोच माणूस "निरोप धाडला" लिहितो आणि मॉडेल देतं "निरोप घाडला". ही चूक निदान डोळ्यांना खटकते तरी. पण "भला" चं "मला" झालं तर वाक्य सुरळीत वाचलं जातं. आकड्यांचं तर फारच वाईट, हातातला १ आणि ९ कितीतरी जणांचा सारखाच दिसतो, पाच पानांत आकडे मोजकेच आलेले असतात, आणि साल १९११ चं १९१९ झालं तर ते चुकलंय हे नुसत्या मजकुरावरून कुणालाच कळत नाही.

मग तपासायचं कसं? एखादं पान शिकवायला द्यायचंच नाही, बाजूला ठेवायचं. आणि ते शेजारचं पान नको, दुसऱ्या वहीतलं, दुसऱ्या वर्षातलं, जमलं तर दुसऱ्या पेनने लिहिलेलं घ्या. इथे एक खाचखळगा आहे तो ट्रेनिंग करणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. क्राकेन हे हस्ताक्षर वाचायला शिकवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तपासणीची पानं वेगळी दिली नाहीत की ते दिलेल्या ओळींमधूनच साधारण दहा टक्के ओळी आपल्या आपण बाजूला काढतं. म्हणजे एकाच पानावरची एक ओळ शिकवायला आणि तिच्या खालची तपासायला. शाई तीच, कागद तोच, विषय तोच, त्या दिवशीचा हातही तोच. स्क्रीनवर दिसणारा आकडा त्यामुळे खऱ्यापेक्षा चांगलाच दिसतो. म्हणून पानांच्या तीन याद्या हाताने करायच्या आणि कुठली कशासाठी ते सांगायचं:

```
ketos train -f page -i base.mlmodel --resize union \
  -t train.txt -e val.txt -o vahi
ketos test -f page -m vahi_best.mlmodel -e test.txt
```

`base.mlmodel` हे आधीपासून तयार असलेलं मॉडेल, `train.txt` मध्ये शिकवायची पानं. `val.txt` मधली पानं बघून ट्रेनिंग कुठे थांबवायचं ते ठरतं, त्यामुळे तीही पूर्ण कोरी राहत नाहीत. `test.txt` मधल्या पानांना शेवटपर्यंत हात लावायचा नाही. ट्रेनिंगच्या ओळींवरची चूक कमी होत चाललीय आणि `val.txt` वरची कमी व्हायची थांबून परत वर चढायला लागलीय असं दिसलं की समजायचं, पाठांतर सुरू झालं. शेवटच्या कमांडने कुठलं अक्षर कुठल्या अक्षराशी किती वेळा गोंधळलं त्याची यादीही मिळते. टक्क्यांच्या आधी ती यादी बघा, तुमच्या माणसाचा ध-घ तिथे लगेच सापडतो.

आणि समजा ९९ टक्के खरोखर आलेच, तरी तो हिशोब अक्षरांचा असतो. हजार अक्षरांच्या पानात दहा चुका. शब्द सरासरी पाच अक्षरांचा धरला आणि चुका विखुरलेल्या असल्या तर साधारण दर विसावा शब्द बिघडलेला. कामाला पुष्कळदा एवढं चालतं, पण ते न वाचता ठेवून देण्यासारखं नक्कीच नाही.

आता शुद्धलेखन. हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणून जास्त घातक. सॉफ्टवेअरला व्याकरण माहीत नसतं, त्याला ओळीचं चित्र आणि त्या ओळीचा मजकूर अशी जोडी मिळते आणि कुठल्या रेघेला कुठलं अक्षर एवढंच ते त्यातून शिकतं. आजोबांनी १९६२ च्या नियमांआधीच्या वळणाने "कांहीं", "नाहीं", "करूं" असं लिहिलंय, कागदावर टिंब स्पष्ट आहे, आणि तुम्ही टाइप केलंत "काही", "नाही", "करू". मॉडेल काय शिकणार? डोक्यावरच्या टिंबाकडे दुर्लक्ष करायचं. मग ते पुढच्या पानावर "मुलांचा" चं "मुलाचा" करतं आणि "त्यांची" चं "त्याची", जिथे टिंब गेलं की अनेकाचा एक होतो. ऱ्हस्व-दीर्घाचं तसंच, चित्रात वेलांटी अक्षराच्या डाव्या बाजूला आणि मजकुरात दीर्घ, अशा उलटसुलट जोड्या दिल्या की मॉडेल दोन्हीबाबत डळमळतं. "ता." लिहिलंय तिथे "तारीख" टाइप केलंत तर कागदावर नसलेली अक्षरं शोधायला तुम्ही त्याला भाग पाडता. एवढ्याशा पानांत अशा दहा-वीस जागा म्हणजे खूप झाल्या, त्या बुजवून टाकायला बाकीचा मजकूर पुरत नाही.

म्हणून कागदावर आहे तसंच उतरवायचं, चुकीसकट, जुन्या वळणासकट. सुधारित प्रत हवी असेल तर ती नंतर, वेगळी. स्वतःचं टाइपिंग मात्र एकसारखं हवं. "ॲ" हे एक अक्षर म्हणून टाइप करता येतं आणि "अ" वर चंद्र देऊनही, स्क्रीनवर दोन्ही सारखे, पण कॉम्प्युटरसाठी ती दोन निराळी. दंडाच्या जागी कीबोर्डवरची उभी रेघ असेल तरी तेच. एक काय ते ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

पाच पानांच्या आकड्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करते. त्याच लिपीतल्या बऱ्याच हातांवर आधी तयार झालेलं मॉडेल तुमच्याकडे असेल आणि तुम्ही त्याला फक्त या एका माणसाच्या वळणाची सवय लावत असाल, तर पहिल्या काही पानांनीच चुका सगळ्यात झपाट्याने कमी होतात, पुढच्या पानांचा फायदा हळूहळू घटत जातो. पण मेसेजमध्ये ही अटच नाहीये. शून्यापासून शिकवायचं असेल तर पाच पानांत काहीही होत नाही. ट्रान्सक्रिबस हे याच कामासाठी बनवलेलं आणि अभिलेखागारांमध्ये वापरलं जाणारं साधन आहे, त्यांच्या मार्गदर्शनात हस्ताक्षराचं मॉडेल शिकवायला ५००० ते १५००० शब्द, म्हणजे साधारण २५ ते ७५ पानं, असं दिलंय. तयार मॉडेलचा पाया असेल तर कमीत भागतं असंही ते सांगतात. पाच पानांत तुमच्याकडे असतात हजारभर शब्द. त्यात "क्ष" एखाद-दोनदा येणार, "ङ" बहुधा येणारच नाही, आणि `--resize union` ऐवजी `new` दिलंत तर त्या पाच पानांत नसलेली अक्षरं मॉडेलच्या अक्षरसंचातून निघूनच जातात, मग पुढे ती कितीही ठळक लिहिलेली असोत, ते देणारच नाही.

पाच पानं ही पहिली खेप म्हणून उत्तम आहेत. ती सलग एकाच वहीतली न घेता सुरुवातीची, मधली, शेवटची, आकडे असलेली, गिचमीड असलेली अशी निवडा. त्यांच्यावर शिकवा, मग पुढची दहा पानं मॉडेलकडून वाचून घेऊन ती दुरुस्त करा, कोऱ्या टायपिंगपेक्षा हे खूप लवकर होतं, आणि ती जुन्यांत मिळवून परत शिकवा. फक्त दुरुस्त करताना मजकूर वाचत जाऊ नका, चित्रातली ओळ वाचा आणि मग मजकुराकडे बघा, नाहीतर "मला" सारखी गुळगुळीत चूक डोळ्यांखालून निसटते आणि पुढच्या खेपेत मॉडेलला तीच शिकवली जाते. समासातल्या किंवा दोन ओळींच्या मध्ये घुसवलेल्या ओळी मुळात ओळ म्हणून पकडल्या गेल्यात का तेही बघा, ते काम वेगळ्या टप्प्यावर होतं आणि अक्षरं कितीही शिकवली तरी सुधारत नाही.

कागद टाकून देण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. साल १९११ की १९१९ हे ठरवायला कागदाशिवाय दुसरं काहीही नाही. स्कॅनमध्ये फिकट टिंब उडालेलं असू शकतं, उद्या चांगलं मॉडेल आलं तर त्याला द्यायला चित्रंच लागणार, मॉडेलने वाचलेला मजकूर तिथे कामाचा नाही. वह्या रंगीत, निदान ३०० डीपीआयला स्कॅन करा, प्रत्येक चित्राच्या नावात वहीचा आणि पानाचा नंबर घाला, आणि वह्या कोरड्या जागी ठेवा.