निरोपाचे सात पडदे

इंदूरच्या शीतलामाता बाजारात साडी घेताना भाव पटला नाही की उठून चालू लागायचे, हे आमच्या घरातले वंशपरंपरागत शास्त्र आहे. दुकानाची पायरी उतरेपर्यंत मागून "अहो बहेनजी, सुनिए तो" अशी हाक येते आणि भाव खाली येतो. या शास्त्रावर माझा इतका विश्वास होता की दरमहा 299 रुपये घेणाऱ्या एका व्यायामाच्या ॲपचे सदस्यत्व रद्द करायला बसलो, तेव्हा मागून हाक येणार हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी पहिल्या खेपेस मागे वळलो, याची मला अजून लाज वाटते.

रद्द करण्याचे बटण खात्याच्या पानाच्या तळाशी, राखाडी अक्षरांत, एखाद्या गरीब नातेवाइकासारखे उभे होते. ते दाबताच ॲपने अत्यंत आपुलकीने विचारले, "आपण का जात आहात?" मी प्रामाणिक माणूस असल्यामुळे "महाग वाटते" या पर्यायावर खूण केली. तिथेच फसलो. तो प्रश्न केवळ आपले मत जाणून घेण्यासाठी नसतो. आपल्याला कोणते आमिष दाखवायचे, हेही त्याच्या उत्तरावरून ठरू शकते. महाग म्हटले की सवलत पुढे येते, वेळ नाही म्हटले तर एक महिना थांबवण्याचा पर्याय येतो. पुढच्या पडद्यावर मला तीन महिने दरमहा 149 रुपयांत देऊ केले होते आणि वर दहा मिनिटांचे घड्याळ उलटे धावत होते. मी 450 रुपये वाचवल्याच्या आनंदात होकार दिला. चौथ्या महिन्यात 299 रुपये पुन्हा आपोआप कापले गेले, कारण ही अट त्याच पडद्यावर, पण मुंगीच्या अक्षरांत लिहिलेली होती.

हिशेब सौ.ने मांडला. "अहो, वाचले 450, पण गेले 447. रद्द केले असते तर काय गेले असते?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. सवलतीची तुलना आपण जुन्या भावाशी करतो, ती शून्याशी करायला हवी, एवढी साधी गोष्ट मला चार महिन्यांनी आणि 746 रुपयांनी कळली. त्या चार महिन्यांत मी ॲप दोनदा उघडले होते. त्यांतले एकदा चुकून.

दुसऱ्या खेपेस मी तयारीने बसलो. फोन हातात घेण्यापूर्वी कागदावर "आज कितीही स्वस्त मिळाले तरी घ्यायचे नाही" असे लिहून तो फ्रिजवर लावला, कारण निर्णय पडद्यासमोर बसून घेतला की तो पडदाच घेतो. कारण विचारताच "इतर" निवडले आणि रकाना रिकामा सोडला. तरीही सवलत आलीच, पण या वेळी ते पान बंद करून पुन्हा उघडले, तर घड्याळ निर्लज्जपणे परत दहा मिनिटांवर. मग "एक महिना विश्रांती घ्या" आले. ही विश्रांती म्हणजे रद्द करणे नव्हे, महिनाभराने पैसे पुन्हा सुरू. शेवटच्या पडद्यावर हिरवे, ठसठशीत बटण "सदस्यत्व ठेवा" आणि त्याखाली फिकट अक्षरांत "नाही, मला निरोगी राहायचे नाही." ग्राहकाला असे लाजवणे आणि सदस्यत्वाच्या सापळ्यात अडकवणे, हे दोन्ही केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत गैर ठरवलेल्या 13 प्रकारांत मोडते. मी निरोगी राहण्याची इच्छा लेखी नाकारली आणि पुढे गेलो.

येथे बहुतेक जण सुटकेचा श्वास घेऊन फोन ठेवतात, आणि नेमके तेव्हाच चुकते. खात्याच्या पानावर तारखेआधी "Renews on" दिसत असेल, तर अजून काहीच झालेले नाही. ते "Expires on" झाले आणि रद्द केल्याची ईमेल आली, की मगच काम झाले. सदस्यत्व पुढच्या तारखेपर्यंत चालू दिसले तरी घाबरू नये, तेवढ्या दिवसांचे पैसे आधीच दिलेले असतात. मी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला आणि मग यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन तिथली परवानगीही रद्द केली. हा क्रम उलटा करू नये. केवळ परवानगी मोडली तर पैसे थांबतात, पण त्यांच्या दफ्तरी आपण सदस्यच राहू शकतो आणि थकबाकीचे निरोप येऊ लागतात.

तीन दिवसांनी "आम्हाला तुमची आठवण येते" अशी ईमेल आली. सोबत 70 टक्के सूट. मी फ्रिजकडे पाहिले आणि ती पुसून टाकली. कागद काढायचे राहून गेले. रविवारी सौ. शीतलामाता बाजारात निघाली तेव्हा मी मोठ्या अभिमानाने त्याच्याकडे बोट दाखवले. तिने तो वाचला, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "तो तुमच्यासाठी आहे. मला मागे कधी वळायचे ते कळते."