दहावीनंतरच्या त्या स्लाइड्समधला डिप्लोमाचा लाल रकाना

«सायन्स : सगळी दारं उघडी. कॉमर्स : फक्त बँक. आर्ट्स : नोकरी नाही. डिप्लोमा : पदवीचा रस्ता कायमचा बंद.»

देवगडच्या माझ्या मावसबहिणीने ह्या स्लाइड्स पाठवल्या आणि विचारलं, «मग मालवणच्या पॉलिटेक्निकचा फॉर्म भरूच नको ना?» मुलाला सिव्हिल हवंय आणि ती त्या लाल रंगाला घाबरून बसली आहे. म्हणून आधी तेच बघू.

डिप्लोमा पास झालेल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. राज्याच्या सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत त्याची पात्रता छापलेली असते: डिप्लोमाला किमान ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४०. त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही. आता वर्षं मोजा. २०२६ ला दहावी झालेला मुलगा २०२९ ला डिप्लोमा आणि पुढची तीन वर्षं धरून २०३२ ला पदवी घेतो. त्याचा अकरावी-बारावी करणारा मित्र २०२८ ला इंजिनिअरिंगला जातो आणि चार वर्षांनी, म्हणजे २०३२ लाच बाहेर पडतो. उलट २०२९ ला घरची परिस्थिती आड आली, तर डिप्लोमावाला सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कनिष्ठ अभियंता पदाला अर्ज करू शकतो. मित्राच्या हातात तेव्हा फक्त बारावीचं प्रमाणपत्र असेल. असा रस्ता बंद आहे म्हणून पोरांना सांगायचं? मला याचा खरंच राग आला.

अडचणी आहेत, पण त्या स्लाइडवर नाहीत. चांगल्या कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा थोड्या असतात, त्यामुळे काठावरच्या टक्क्यांवर भागत नाही. शिवाय पदवीचं पहिलं वर्ष न केल्यामुळे दुसऱ्या वर्षाचं गणित बरंच जड जातं, एम-थ्री या गणिताच्या पेपरला पुष्कळ पोरं अडकतात. आणि डॉक्टर व्हायचं असेल तर डिप्लोमा नकोच. नीटला बारावीचं जीवशास्त्र लागतं.

सायन्सबद्दल अर्धं खरं आहे, एवढं मान्य. आर्ट्समधून इंजिनिअरिंगला जाता येत नाही. पण सायन्समध्येही गणित सोडून नुसतं जीवशास्त्र घेतलं की इंजिनिअरिंग गेलं, एनडीएतून नौदल गेलं आणि मर्चंट नेव्हीत डेक ऑफिसर होण्याचा नेहमीचा मार्गही गेला. किनाऱ्यावरच्या पोरांना हे अकरावीचे विषय निवडतानाच कळायला हवं, आणि त्या तक्त्यात विषयांचा रकानाच नाही.

बाकीचं पटकन सांगते. सीए फाउंडेशन आणि पाच वर्षांचं लॉ कुठल्याही शाखेच्या बारावीवर करता येतं. एनडीएतून लष्करात जायला आर्ट्सचा मुलगाही चालतो.

बहिणीला मी सांगितलंय की डिप्लोमाचा आणि अकरावीचा फॉर्म वेगळा असतो, तेव्हा दोन्ही भर. डिप्लोमाची यादी दहावीच्याच गुणांवर लागते. सिव्हिल मिळालं नाही तर अकरावी हातात राहील, फक्त तिथे गणित सोडू देऊ नकोस.