“रोज फक्त 10 पिप्स”: हा हिशोब कुठे फसतो

“फॉरेक्सला घाबरायचं काही कारण नाही. खात्यात 100 डॉलर टाका, 1:500 लिव्हरेज घ्या, EUR/USD मध्ये 0.20 लॉट लावा आणि रोज फक्त 10 पिप्स काढा. 20 डॉलर झाले की दुकान बंद! पिप म्हणजे चौथ्या दशांशाची हालचाल, ती काय कोणाला बुडवणार? लिव्हरेज जितकं मोठं, तितका नफा मोठा. स्टॉप लॉस लावू नका, भाव परत येतोच. आणि बुडून बुडून बुडणार किती? 100 डॉलर.”

फॉरेक्समध्ये, म्हणजे चलनांच्या खरेदी-विक्रीत, नवख्या माणसाला ओढणारा हा नेहमीचा सल्ला. यातलं एक गणित बरोबर आहे, आणि त्याचा विश्वास त्यामुळेच बसतो. 0.20 लॉटवर 10 पिप्सचे खरोखर 20 डॉलर होतात. पण हे 20 डॉलर येतात कुठून, ते पाहिलं की बाकीचं एकेक वाक्य तपासता येतं.

पिपपासून सुरुवात करू. EUR/USD या जोडीत डावीकडचं चलन, म्हणजे युरो, ही आपण घेतोय किंवा विकतोय ती वस्तू; उजवीकडचा डॉलर ही तिची किंमत. भाव 1.1000 असेल तर एका युरोला 1.10 डॉलर पडतात. किती युरो घेतले हे लॉट सांगतो. पूर्ण लॉट, म्हणजे स्क्रीनवरचा 1.00, हा डाव्या चलनाचे 1,00,000 एकक असतो. 0.10 म्हणजे मिनी लॉट, 10,000 एकक, आणि 0.01 म्हणजे मायक्रो, 1,000 एकक. तेव्हा 0.20 लॉट म्हणजे 20,000 युरोंची खरेदी झाली, 22,000 डॉलरचा व्यवहार. भाव 0.0001 ने हलला, म्हणजे एक पिप हलला, की 20,000 ला 0.0001 ने गुणायचं: 2 डॉलर.

पिप एकटा ना लहान असतो ना मोठा. 0.01 लॉट लावणाऱ्यासाठी तोच पिप दहा सेंटचा असतो. 100 डॉलरच्या खात्यात 2 डॉलरचा पिप म्हणजे प्रत्येक चौथ्या दशांशाला खात्याचे दोन टक्के. शिवाय व्यवहार उघडता क्षणीच स्प्रेड, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक, जातो. तो एक पिप धरला तरी बटण दाबल्या दाबल्या खातं 98 वर येतं.

इथेच एक नेहमीची गफलत सांगून ठेवतो. बहुतेक प्लॅटफॉर्म आता पाच दशांश दाखवतात, 1.10005 असे. तो शेवटचा आकडा पिपचा दहावा भाग असतो, त्याला पॉइंट म्हणतात. म्हणजे 100 पॉइंट हे 10 पिप्स. शिवाय पिपची 2 डॉलर ही किंमत फक्त उजवीकडे डॉलर असलेल्या जोड्यांना लागू. USD/JPY मध्ये पिप दुसऱ्या दशांशावर असतो आणि त्याची किंमत येनमध्ये निघते: 20,000 गुणिले 0.01, म्हणजे 200 येन. भाव 150 असेल तर साधारण 1.33 डॉलर. जोडी बदलली की 10 पिप्सचे 20 डॉलर होतीलच असं नाही.

आता लिव्हरेज. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. 1:500 मुळे नफा एका पैशानेही वाढत नाही. 0.20 लॉटला पिपमागे 2 डॉलरच मिळतात, लिव्हरेज 1:30 असो की 1:500. लिव्हरेज एवढंच ठरवतं की तो व्यवहार उघडा ठेवण्यासाठी ब्रोकर तुमच्या खात्यातली किती रक्कम अडवून ठेवणार. तिला मार्जिन म्हणतात. 22,000 भागिले 500, म्हणजे 44 डॉलर. 1:30 असतं तर 733 डॉलर अडकले असते, म्हणजे 100 डॉलरच्या खात्यात हा व्यवहार उघडलाच नसता. युरोपीय संघाच्या बाजार नियामकाने, म्हणजे ESMA ने, 2018 मध्ये किरकोळ ग्राहकांना प्रमुख जोड्यांसाठी 1:30 ची मर्यादा घातली. त्या मर्यादेने नफा कापला नाही. खिशापेक्षा फार मोठा लॉट उघडण्याची वाट बंद केली.

म्हणून “1:500 घेतलंस ना, मेलास!” असं घाबरवणंही मला पटत नाही. 1:500 च्या खात्यात कोणी 0.01 लॉट लावला तर त्याने 100 डॉलरवर 1,100 डॉलरचा व्यवहार केला, म्हणजे प्रत्यक्षात वापरलेलं लिव्हरेज 11 पट. 0.20 लॉट लावणाऱ्याने 22,000 चा केला, 220 पट. सेटिंग दोघांचं एकच. ब्रोकरने दिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे. आपण किती वापरलं हे व्यवहाराची रक्कम भागिले खात्यातली रक्कम असं काढायचं, आणि बघायचा तो हाच आकडा.

स्टॉप लॉस म्हणजे ठरवलेल्या भावाला तोटा घेऊन व्यवहार बंद करण्याची आधीच देऊन ठेवलेली सूचना. ती लावली नाही तरी एक स्टॉप लागलेलाच असतो, फक्त तो ब्रोकरचा असतो. प्लॅटफॉर्मवर `Margin Level` नावाचा टक्केवारीचा आकडा दिसतो. त्याचा हिशोब असा:

```
Margin Level = Equity / Margin × 100
```

इक्विटी म्हणजे चालू नफा-तोटा धरून खात्यात उरलेली रक्कम. सुरुवातीला 98 भागिले 44, साधारण 223 टक्के. पुष्कळ ठिकाणी हा आकडा 50 टक्क्यांवर आला की स्टॉप आउट होतो: ब्रोकरची यंत्रणा व्यवहार आपोआप बंद करते. 44 चे 50 टक्के म्हणजे 22 डॉलर. 100 वरून 22 वर यायला 78 डॉलरचा तोटा लागतो, पिपमागे 2 डॉलर या दराने 39 पिप्स. त्यातला एक स्प्रेडमध्ये आधीच गेला. उरले 38.

EUR/USD एखाद्या साध्या दिवसात 50 ते 80 पिप्सच्या पट्ट्यात सहज फिरतो. अमेरिकेची रोजगाराची आकडेवारी जाहीर होते तेव्हा 38 पिप्स काही मिनिटांत जाऊ शकतात. भाव परत येतो का? बरेचदा येतो. पण तो 45 पिप्स खाली जाऊन परत आला तर त्या वेळी तुमचा व्यवहार शिल्लकच नसतो. चार्टवर तुमचा अंदाज बरोबर दिसतो आणि खात्यात 22 डॉलर उरलेले असतात. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाच वाजता दिवस बदलतो तेव्हा स्प्रेडही काही मिनिटं रुंदावतो, आणि काठावर आलेली खाती भाव फारसा न हलताही तेव्हा बंद होतात.

मग इतके लोक रोज 20 डॉलरचे स्क्रीनशॉट टाकतात ते काय खोटे? नाही, पुष्कळसे खरेच असतील. समजा भाव कुठे जाणार याचा आपल्याला काहीही अंदाज नाही, निव्वळ नाणं उडवून बाय किंवा सेल केलं. 10 पिप्स हाती यायला स्प्रेड धरून भाव 11 पिप्स आपल्या बाजूला जायला हवा. स्टॉप आउटला 38 पिप्स उलट. जवळचं टोक आधी लागण्याची शक्यता अर्थात जास्त: 49 पैकी 38, म्हणजे सुमारे 78 टक्के. काहीही न कळणारा माणूसही दहापैकी जवळजवळ आठ वेळा 20 डॉलर जिंकेल. उरलेल्या दोन वेळा तो 78 डॉलर घालवेल. सरासरी काढली तर दर व्यवहाराला जवळपास एक पिप तोटा पडतो, बरोबर स्प्रेडएवढा. रोजचा नफा काढून घेऊन पुन्हा 100 वरून सुरुवात केली तर सलग पाच दिवस जिंकण्याची शक्यता 28 टक्के आहे. म्हणजे शंभर जणांनी हे केलं तर आठवड्याच्या शेवटी 28 जणांकडे पाच हिरवे स्क्रीनशॉट असतात आणि ते बोलतात. बाकीचे 72 जण गप्प असतात.

शेवटचा मुद्दा, तोट्याच्या कमाल मर्यादेचा. ब्रोकरचा स्टॉप आउट तेव्हाच कामाचा, जेव्हा मधल्या प्रत्येक भावाला कोणीतरी समोर घेणारा असतो. 15 जानेवारी 2015 ला तसं नव्हतं. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर 2011 पासून एका युरोला किमान 1.20 फ्रँक हा भाव धरून ठेवला होता. त्या आधारावर EUR/CHF खरेदी करून बसणं हा तेव्हा बिनधोक धंदा मानला जायचा. त्या सकाळी बँकेने ती हमी अचानक काढून घेतली आणि काही मिनिटांत भाव 1.00 च्याही खाली गेला. मध्ये खरेदीदारच नव्हते, त्यामुळे लावलेले स्टॉप लॉससुद्धा ठरवलेल्या भावाला लागले नाहीत.

आपला 0.20 लॉट तिथे ठेवून पाहू. 1.20 ला खरेदी आणि 1.00 ला सुटका म्हणजे 2,000 पिप्स, पिपमागे 2 फ्रँक: 4,000 फ्रँकचा तोटा, 100 डॉलरच्या खात्यावर. अनेक ग्राहकांची खाती शून्याच्या खाली गेली आणि ती रक्कम ब्रोकरचं येणं झाली. अल्पारी यूके ही ब्रोकर कंपनी त्यात दिवाळखोरीत गेली. ESMA च्या 2018 च्या नियमांत खातं शून्याखाली जाऊ न देण्याची सक्तीही आली. असं संरक्षण नसेल तिथे शंभराच्या पुढचा तोटा कोणाचा, हे तुम्ही सही केलेल्या करारात लिहिलेलं असतं. खातं उघडण्याआधी तेवढं एक कलम शोधून वाचावं.

मग 20 डॉलरला किती भांडवल लागतं? हिशोब उलट्या टोकाने करायचा. आधी स्टॉप लॉस कुठे हे चार्टवरून ठरवायचं, समजा 20 पिप्सवर. मग एका व्यवहारात खात्याचा किती भाग जाऊ द्यायचा, समजा दोन टक्के. 100 डॉलरचे दोन टक्के 2 डॉलर. ते 20 पिप्सवर वाटले की पिपमागे 10 सेंट, म्हणजे 0.01 लॉट. 10 पिप्स मिळाले तर 1 डॉलर. आणि पिपमागे 2 डॉलर हवेच असतील तर 20 पिप्सचा धोका 40 डॉलरचा होतो, तो खात्याच्या दोन टक्क्यांत बसवायला खात्यात 2,000 डॉलर लागतात.